आधी हलकं, मग जड

दिपमालाबाईंनी भूगोल शिकवायला घेतला की वर्गातली ढ पोरंसुद्धा मान वर करायची, असा त्यांचा लौकिक होता, आणि तो त्यांना चांगलाच ठाऊक होता. धुळ्यात वाढलेली, बी.एड. झालेली ही बाई लग्न होऊन शिरपूरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी आली आणि गावातल्याच माध्यमिक शाळेत लागली. गावाचं नाव मी सांगत नाही. तिथल्या लोकांना आधीच त्या हिवाळ्यात नको तेवढी प्रसिद्धी मिळाली आहे.

दिवाळीच्या सुट्टीत दहावीच्या चार-पाच मुली त्यांच्या ओट्यावर अभ्यासाला जमत. त्या दिवशी भूकंपाचा धडा काढला होता. पुस्तकात जगाचा नकाशा, त्यावर काळ्या रेघा आणि रेघांच्या अंगाखांद्यावर लाल ठिपके. "रेघा म्हणजे भूपट्टांच्या कडा," बाई सांगत होत्या. "पृथ्वीचं वरचं कवच अखंड नाही. तव्यावर उलटताना भाकरी फुटते ना, तसे त्याचे मोठमोठे तुकडे आहेत. आणि हे तुकडे सरकतात. वर्षाला किती? आपली नखं वाढतात तेवढंच, पण सरकतात. कुठे एकमेकांवर येतात, कुठे लांब जातात, कुठे घासून निघतात."

"मग रोजच हलायला पाहिजे," मिसबाह म्हणाली. ती जहांगीर मिस्त्रींची मुलगी, नाकासमोर बघून प्रश्न विचारणारी.

"नाही, कारण कडा एकमेकींत अडकून बसतात. तुकडा पुढे जायला बघतो, कड जाऊ देत नाही. वर्षानुवर्षं ताण साठतो. खडकाला सोसेनासा झाला की कड एकदम सुटते, सरकते, आणि तो धक्का लहरींनी सगळीकडे पसरतो. म्हणून बघा, ठिपके कुठे आहेत? जपान, इंडोनेशिया, चिलीचा किनारा, सगळा पॅसिफिकचा काठ. इकडे तुर्कस्तान, इराण, हिमालय. जिथे रेघ, तिथे ठिपके. एवढं पाठ केलंत की चार गुण खिशात."

नकाशाखाली बारीक अक्षरात एक ओळ होती. 'काही भूकंप भूपट्टांच्या अंतर्भागातही होतात.' बाईंनी ती वाचली आणि "हे विचारत नाहीत" म्हणून पान उलटलं. परीक्षेला काय विचारतात यावर आपल्याकडे पृथ्वीची रचना ठरते, त्याला त्या एकट्या काय करणार!

उंबऱ्यात कमलबाई तूर निवडत बसल्या होत्या. कमलबाई म्हणजे दिपमालाच्या सासूबाई. घरातले सगळे त्यांना माय म्हणत. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, वाकून नकाशा बघितला आणि विचारलं, "दिपा, आपला खान्देश कोठे शे व?"

दिपमालाने बोट ठेवलं. भारताच्या पोटात, कोऱ्या जागेवर.

"आठे तं रेघ नही शे."

"नाही माय. रेघ पार तिकडे, हिमालयात. आपण पट्टाच्या मधोमध."

"मंग आठे भूकंप व्हत नही?"

"नाही होत," दिपमाला हसून म्हणाली. म्हातारीला बरं वाटावं म्हणून म्हटलं, आणि तिला स्वतःलाही त्या क्षणी ते खरंच वाटत होतं.

आता या घराबद्दल सांगायला हवं. घर धाब्याचं. दगड-मातीच्या रुंद भिंती, लाकडी सर, म्हणजे जाड तुळया, त्यावर आडव्या कड्या, कड्यांवर काट्याकुट्या नि पालापाचोळा आणि त्यावर माती. गळू नये म्हणून दरवर्षी पावसाच्या तोंडावर पांढऱ्या खाऱ्या मातीचा नवा थर वर द्यायचा, ओला करून पायांनी तुडवायचा. जुना थर कोणी काढत नाही. चाळीस-चाळीस वर्षं थरावर थर चढत जातो आणि घराच्या डोक्यावरचं ओझं वाढत जातं. उन्हाळ्यात मात्र आत गारेगार, पंख्याची गरज नाही. पुढच्या बाजूला ललितने, म्हणजे दिपमालाच्या नवऱ्याने, विटांच्या दोन खोल्या काढून वर पत्रे टाकले होते. पण माय मागच्या धाब्यातच झोपत.

धाब्यावर माती चढवणं हे भटू आबांचं काम, मायच्या नवऱ्याचं. दुसऱ्या कोणाला ते वर पाय ठेवू देत नसत. त्यांच्या उजव्या पायाची दोन बोटं तरुणपणी लाकडं फोडताना कुऱ्हाडीने गेली होती, त्यामुळे चालताना उजवा पाय अलगद पडे आणि डावा जोरात. ते वर माती तुडवत असले की खाली चुलीपाशी बसलेल्या मायला ऐकू येई. आधी हलकं पाऊल, मग जड. चुलीच्या वर धुरासाठी भोक होतं. तहान लागली की आबा त्या भोकापाशी येऊन थांबत आणि वरूनच म्हणत, "कमल, पानी दे व." माय पेला उंचावून धरत, वरून हात येई.

दोन उन्हाळ्यांपूर्वी ज्येष्ठातल्या कडक दुपारी आबांनी असंच पाणी मागून घेतलं, पेला परत दिला, आणि परत पावलं वाजली नाहीत. ललित शिडीवरून वर गेला तेव्हा आबा ओल्या मातीत कुशीवर पडलेले होते. दहाव्याच्या आधीच ढग दिसायला लागले म्हणून ललितने माणसं लावून राहिलेली माती घाईघाईने वर टाकून घेतली. मायने त्या सगळ्यात एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हटलं होतं, "तो खाले उतरना नही. त्याले उतारं." दुःखात माणसं काहीबाही बोलतात, असं समजून कोणी त्यावर विचार केला नाही.

मार्गशीर्ष लागला आणि जमीन बोलायला लागली.

पहिल्यांदा लोकांना वाटलं, डोंगरात कुठे सुरुंग लावताहेत. एक घुमणारा आवाज, जणू जमिनीखालून ट्रक गेला, आणि मांडणीवरची भांडी किणकिणली. मग तो दिवसाआड यायला लागला, मग दिवसातून दोनदा. कापूस वेचणाऱ्या बायका शेतातून धावत घरी आल्या. धुळ्याहून जीपगाडी आली, पंचायतीच्या खोलीत यंत्र बसलं. त्यावर लहान लहानच धक्के उमटत होते, अडीच, तीन रिश्टरच्या आतबाहेर. साहेबांनी चौकात सांगितलं की घाबरू नका, पण धाब्याच्या आणि दगड-मातीच्या घरात झोपूही नका. म्हणजे नेमकं काय करायचं ते लोकांनी आपापल्या परीने ठरवलं आणि अख्खं गाव बाजा-खाटा उचलून अंगणात आलं. थंडी मी म्हणत होती. घरोघर शेकोट्या, पोरांना खोकला, म्हाताऱ्यांना दमा.

एकटी माय आत.

ललितने विनवण्या केल्या. "माय, भाहेर चाल ना. गाव बठ्ठं भाहेर शे." माय हलल्या नाहीत. उचलून न्यायला गेला तर त्यांनी सराला आधार दिलेल्या खांबाला मिठी मारली आणि अशा ओरडल्या की शेजारीपाजारी गोळा झाले. ललित जिनिंगमध्ये कामाला, गाठी उचलणारा धिप्पाड गडी, पण आईच्या ओरडण्यापुढे त्याने माघार घेतली. तो अंगणात येऊन बसला आणि बायकोला म्हणाला, "तुझं ऐकते ती. तूच काहीतरी सांग."

दिपमाला रविवारी दुपारी आत गेली. बाहेर लख्ख ऊन होतं, आत धुराच्या भोकातून पडलेला तेवढाच उजेडाचा तुकडा. मायची बाज बरोबर मधल्या सराखाली. चुलीपाशी, भोकाच्या खाली, पितळी पेला भरून ठेवलेला. त्या घरात दुपारी पाणी भरून ठेवण्याचं काही कारण नव्हतं.

"माय, साहेब काय म्हणाले ते ऐकलंत ना? हे छप्पर फार जड आहे. उद्या मोठा धक्का बसला तर..."

"कसाना धक्का?" माय शांतपणे म्हणाल्या. "तूच सांगेल व्हतं ना. आठे रेघ नही शे. आठे भूकंप व्हत नही."

दिपमालाने बाजेच्या कडेवर बसकण मारली.

"मंग हाई भूकंप नही," माय पुढे म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम खाली गेला. "माले बी पयले भीती वाटनी. मंग तुनी गोट ध्यानमा उनी. भूकंप नही, तं मंग वर कोन शे? तो शे व. माती अर्धी ऱ्हायेल शे ना त्यानी."

"माय..."

"चूप. आयक."

आणि ते आलं. आधी हलकं. अगदी अलगद, कोणी अनवाणी पाय टेकवावा तसं. मग क्षणभर काही नाही. मग जड, दाणकन. कड्यांच्या फटीतून मातीची बारीक धार सुटली आणि उजेडाच्या तुकड्यातून खाली झरली. दिपमालाची मान आपोआप वर गेली. तिला वाटलं, आता भोकातून हात येईल. खरंच वाटलं. बी.एड. झालेल्या, सतरा वर्षं भूगोल शिकवणाऱ्या बाईच्या अंगावर सर्रकन काटा आला.

मायने पेला उचलून दोन्ही हातांनी भोकाखाली धरला. पाण्यावर बारीक बारीक वलयं उठत होती आणि काठाकडे जात होती. मग ती थांबली. मायने पेला पुन्हा खाली ठेवला.

"पेत नही," त्या म्हणाल्या. "पन येस."

दिपमाला बाहेर आली. ललितने विचारलं, काय झालं. जे झालं होतं ते एवढंच होतं की तिने परीक्षेच्या चार गुणांसाठी शिकवलेलं एक वाक्य म्हातारीला त्या छपराखाली बांधून बसलं होतं. रेघ नाही म्हणून भूकंप नाही, भूकंप नाही म्हणून नवरा. तर्कात कुठेही चूक नव्हती. चूक पहिल्या पायरीवर होती आणि ती हिचीच होती.

सोमवारी शाळा मैदानात भरली. मिसबाहने पुस्तक उघडून तोच नकाशा समोर धरला. "बाई, रेघ तिकडे आहे. मग आपल्याकडे काय हलतंय? अब्बा म्हणतात, पुस्तक चुकलंय."

"पुस्तक नाही चुकलं. मी चुकले," दिपमाला म्हणाली. बाई चुकल्या असं बाईंनीच म्हणण्याची पद्धत त्या शाळेत नव्हती. "त्या नकाशाखालची बारीक ओळ वाच."

मिसबाहने वाचली.

"हा नकाशा सगळ्या जगाचा आहे. त्यावर मोठे भूकंपच दाखवलेत. बहुतेक भूकंप कडांवर होतात हे खरं, पण सगळे नाही. किल्लारी आठवा. तिथे तरी कुठे रेघ आहे? आणि आपल्याच सातपुड्यात अडतीस साली मोठा धक्का बसला होता." मग तिने बाहेर आणून टेकवलेल्या फळ्यावर हात मारत मारत सगळं सांगितलं. आपला भूपट्ट वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर उत्तरेकडे ढकलला जातो. तिकडे तो आशियाला अडतो, म्हणून हिमालयात ठिपक्यांची गर्दी. पण ज्याला पुढून अडवलं त्याचं सगळं अंग आवळलं जातं, एकटं तोंड नाही. आणि तापी-नर्मदेच्या या पट्ट्यात, काळ्या खडकाच्या खाली, फार जुन्या भेगा आहेत, मिटलेल्या पण न सांधलेल्या. तो दाब सोसताना त्या कधीमधी जराशा सरकतात. म्हणून इथले धक्के विरळ. विरळ म्हणजे कधीच नाही, असं नव्हे.

"मोठा येईल का?" मागून कोणीतरी विचारलं.

"ते कोणालाच सांगता येत नाही. यंत्रालाही नाही."

पोरांना हे उत्तर आवडलं नाही. तिलाही आवडलं नव्हतं. पण या वेळी तिने पान उलटलं नाही.

संध्याकाळी ती पुन्हा धाब्यात गेली. वर्गात चुकले म्हणणं सोपं होतं. मायच्या तोंडावर म्हणणं जड जात होतं, कारण इथे नुसतं वाक्य दुरुस्त करायचं नव्हतं, वर चालणारा माणूस काढून घ्यायचा होता. तिला स्वतःची लाज वाटत होती आणि मायचा रागही येत होता, दोन्ही एकदम.

"माय, उठा. जरा बाज ओढायची आहे."

मायची बाज जुनी. एका पायाचा सांधा कधीच ढिला झालेला. दिपमालाने बाजेचं डोकं भिंतीला टेकवलं. "ही भिंत म्हणजे हिमालय. आता मी मागून ढकलते. तुम्ही बघा कुठे वाजतं ते."

तिने जोर लावला. बाज भिंतीला धडकली, भिंतीचा पोपडा पडला. तिने आणखी रेटलं. बाज पुढे जाईना. आणि मग खालच्या बाजूचा तो ढिला सांधा कर्रकन वाजला.

"बघितलंत? अडली तिकडे, जास्त मारही तिकडेच. पण जुना सांधा इकडे कुरकुरला. आपण त्या सांध्यावर बसलोय, माय. मी त्या दिवशी फक्त भिंतीचं सांगितलं. सांध्याचं सांगायचं राहिलं. मी अर्धं सांगितलं."

माय सांध्याकडे बघत राहिल्या. बाई अडाणी असेल, पण मंद नव्हती. मग म्हणाल्या, "आनि पाय? त्याना पायना आवाज? दुसरा कोना पाय तसा वाजत नही."

याच प्रश्नाची दिपमालाला भीती होती.

"जमीन सरकली की दोन तऱ्हेच्या लहरी निघतात. एक चपळ असते, ती आधी पोचते, पण हलकी. दुसरी संथ, ती मागून येते आणि तिचा दणका मोठा असतो. धक्का जवळचा असला की दोन्हींत क्षणाचंच अंतर राहतं. आधी हलकं, मग जड. प्रत्येक वेळी तसंच. जगात कुठेही तसंच." तिने धुराच्या भोकाकडे बघितलं. "वर कोणी नाही, माय. आबा वर नाहीत."

बोलून झालं. म्हातारीच्या तोंडावर काहीच हललं नाही, आणि तेच दिपमालाला सोसवेना. ती मायच्या पायाशी खाली बसली आणि रडायला लागली. समजूत घालायला आलेली बाई रडते आहे आणि जिची समजूत घालायची ती तिच्या डोक्यावरून हात फिरवते आहे, असा उलटा कारभार थोडा वेळ चालला.

"तू मास्तरीन शेस," माय शेवटी म्हणाल्या. "तुनी पयलेबी सांगं, मी मानं. आते हाई सांगस. कोनतं खरं मानू?"

"आताचं."

"मंग काढा ती माती. बठ्ठी काढा. माले दखनं शे, वर कोन शे का नही ते."

ललितला वाटलं, आईचा हट्ट सुटला. दुसऱ्याच दिवशी त्याने जहांगीर मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्री दोन गडी घेऊन आले, धाब्यावर चढले, काठाने चालत सगळीकडे पहारीने ठोकून बघितलं आणि वरूनच ओरडले, "ललितभाऊ, भार टाकू नका वर. एकेकानेच चढा." माय अंगणात निंबाखाली खुर्ची टाकून बसल्या. कितीतरी दिवसांनी त्या बाहेर आल्या होत्या. नजर मात्र धाब्यावरच.

माती घमेल्याघमेल्याने खाली येत गेली. काठापासून आत, आत. अंगणात पांढरा ढीग वाढत गेला, पोरं त्यावर चढून घसरायला लागली. एवढं आपल्या डोक्यावर होतं, हे घरातल्या कोणालाच खरं वाटेना. दुपारपर्यंत मधला सर उघडा पडला. मिस्त्रींनी त्याला पटाशी लावली आणि ती मुठीपर्यंत आत गेली. वाळवीने वरून पोखरून पार पोकळ केला होता. वरचा सगळा बोजा घेऊन तो खालच्या एका खांबावर टिकून होता. मिस्त्रींनी पटाशी काढली, खाली बघितलं. सराच्या बरोबर खाली मायची बाज होती, रात्री पुन्हा जागेवर ओढून घेतलेली.

"अल्लाने वाचवलं," एवढंच ते म्हणाले. ललित भिंतीला टेकून उभा राहिला.

आता फक्त धुराच्या भोकाभोवतीचा भाग राहिला होता. तिथली वरची माती सैल होती, ललितने त्या वर्षी घाईने टाकून घेतलेली. फावडं लावलं तशी ती भुसभुशीत सरकली आणि खाली वेगळाच थर लागला. कडक, गुळगुळीत, उन्हात भाजून निघालेला. गडी फावडं मारणार तोच मिस्त्री ओरडले, "थांब!" आणि गुडघ्यावर बसले. हाताने वरची भुकटी झाडली.

"बाई, जरा वर या," त्यांनी दिपमालाला हाक मारली.

ती शिडीने चढली. भोकाच्या काठाला, ओलं असताना दाबलेलं आणि तसंच वाळलेलं, एक पाऊल होतं. पाऊस लागायच्या आत वरून माती पडली म्हणून जसंच्या तसं राहिलेलं. टाच, चवडा, अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं. आणि पुढे दोन बोटांची जागा सपाट. उजवा पाय. बोटं भोकाकडे वळलेली, पाणी मागायला माणूस उभा राहतो तशी. त्याच्याशेजारी डावा पाय, दुप्पट खोल रुतलेला. त्याच्यापुढे एकही पाऊल नव्हतं.

दिपमालाने आदल्याच संध्याकाळी सांगितलं होतं, वर कोणी नाही. ती तिथे उकिडवी बसली आणि तिला त्या पावलावर हात ठेवायचा धीर होईना. खालून मायची हाक आली, "काय शे व? कोन शे?"

काय सांगायचं? पुस्तकातलं सगळं खरं होतं आणि हेही खरं होतं. तिने मिस्त्रींकडे बघितलं. मिस्त्रींनी पटाशीने उजव्या पावलाच्या भोवती चर काढला, खालून पहार सरकवली आणि जाडसर ढेकूळ अख्खं उचललं. मूल खाली द्यावं तसं ते शिडीवरून हातोहात खाली आलं. ललितने ते आईच्या मांडीवर ठेवलं आणि तोंड फिरवून उभा राहिला.

मायने डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. बोटं नसलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. मला वाटतं गावातल्या प्रत्येकाला त्या क्षणी वाटलं असेल की आता ही हंबरडा फोडणार. त्यांनी फोडला नाही. त्या दिपमालाकडे बघून चक्क हसल्या. खोडी काढताना सापडलेल्या पोराकडे बघून हसावं तसं.

"मी म्हने ना," त्या म्हणाल्या. "वर शे म्हनीसन. आते खाले उना."

त्या दिवसापासून माय धाब्यात गेल्या नाहीत. गरजच उरली नाही त्यांना. निंबाखाली ललितने पत्र्याची हलकी पडवी काढून दिली, त्यात बाज टाकली, बाजेखाली फडक्यात गुंडाळलेलं ते ढेकूळ. धाब्याच्या भिंती कमरेपर्यंत उतरवल्या. शाळेत बाईंनी धडा पुन्हा पहिल्यापासून घेतला, बारीक ओळीसकट.

धक्के थांबले नव्हते. पौषातल्या एका संध्याकाळी दिपमाला मायला जेवण घेऊन पडवीत गेली होती. ताट खाली ठेवत होती तोच तो आला. आधी हलकं. मग जड. पत्रा थरथरला, निंबावरचे पक्षी उडाले. दिपमालाची नजर सवयीने वर गेली. वर पत्रा होता, त्याच्यावर काही नव्हतं.

माय वर बघत नव्हत्या. त्यांनी मान खाली घातली होती, जमिनीकडे कान लावल्यासारखी.

"आयकं का?" त्या म्हणाल्या. "आते खालेथीन चाली ऱ्हायना."

दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नव्हतं. आवाज खालूनच येत होता. धड्यातही तसंच लिहिलेलं होतं.

मायने ताटातला पेला उचलला, बाजेच्या पायाशी पाणी ओतलं आणि जमिनीने ते पिऊन टाकेपर्यंत बघत राहिल्या. मग त्या जेवायला बसल्या.